एक बर्पी म्हणजे चार व्यायाम: भरतीची तयारी करणाऱ्यांनी तो सुटा करून शिकावा

पोलीस भरतीची तयारी करणारी आपली मुले-मुली पहाटे मैदानावर दिसतात. बदनापूर असो, जालना असो की बाजूचे एखादे खेडे, चित्र साधारण सारखेच असते. जिमचे पैसे नाहीत, वजने नाहीत, प्रशिक्षक असलाच तर आठवड्यातून एखाद्या वेळी येतो. त्यामुळे साधनाशिवाय होणारा आणि थोड्या वेळात घाम काढणारा बर्पी सगळ्यांच्या वेळापत्रकात शिरला आहे. मोबाईलवर व्हिडिओ पाहायचा आणि शंभराचा आकडा गाठायचा, एवढेच बहुतेकांचे प्रशिक्षण असते.

पण बर्पी हा एक व्यायाम नाही. तो एकापाठोपाठ एक जोडलेल्या चार व्यायामांची साखळी आहे: बैठक, प्लँक, पुशअप आणि उडी. चारही टप्प्यांत वेगवेगळे स्नायू राबतात, चारही टप्प्यांचा खर्च वेगळा आणि चारही ठिकाणी होणारी दुखापत वेगळी. साखळी नेहमी सर्वांत कच्च्या कडीपाशी तुटते. आपली कच्ची कडी कोणती हे न ओळखता नुसता आकडा वाढवत नेला तर पक्की कडी आणखी पक्की होते आणि कच्ची कडी दुखावते. भरती दरवर्षी ठरल्या वेळी निघतेच असे नाही. मैदानी चाचणीच्या तोंडावर गुडघा किंवा कंबर धरली, तर एखादे वर्ष सहज हातचे जाते. म्हणून हा व्यायाम सुटा करून समजून घेणे गरजेचे आहे.

मुळात बर्पी होता तरी कसा?

रॉयल हडलस्टन बर्पी नावाचे अमेरिकन शरीरक्रिया अभ्यासक होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 1930 च्या दशकाच्या अखेरीस संशोधन करताना त्यांना माणसाची तंदुरुस्ती झटपट मोजणारी सोपी चाचणी हवी होती. त्यांनी चार हालचाली ठरवल्या: उभ्याचे खाली बसणे, हात जमिनीवर टेकून पाय मागे फेकणे, पाय परत जवळ घेणे आणि उभे राहणे. त्यात पुशअप नव्हता, उडीही नव्हती. हे फक्त चार वेळा करायचे आणि आधीच्या व नंतरच्या नाडीच्या ठोक्यांची तुलना करायची, अशी ती चाचणी होती.

दुसऱ्या महायुद्धात, 1942 पासून, अमेरिकी सैन्याने सैनिकांची क्षमता जोखण्यासाठी ही हालचाल वापरली आणि तिथून आवर्तने वाढत गेली. पुशअप आणि उडी नंतर जोडली गेली. म्हणजे आज आपण जो बर्पी शंभर वेळा करू पाहतो, तो चार वेळा करण्यासाठी बनवलेल्या एका सौम्य चाचणीचा खूप जड झालेला अवतार आहे. हा इतिहास पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे, कारण पुशअप आणि उडी काढलेला मूळ बर्पी हेच आपली कच्ची कडी शोधण्याचे सर्वांत चांगले साधन आहे.

पहिला टप्पा: बैठक

उभे असताना खाली बसायचे आणि दोन्ही तळहात पावलांच्या जरा पुढे, खांद्याएवढ्या अंतरावर टेकायचे. या टप्प्यात शरीर खाली पडत नसते, स्नायू त्याला आवरत खाली आणत असतात. मांडीच्या पुढचे क्वाड्रिसेप्स आणि नितंबाचे ग्लूट्स ताणले जात असतानाच ब्रेकचे काम करतात. मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग आणि पाठीचे स्नायू धड सांभाळतात.

ब्रेक लावायला ऊर्जा कमी लागते, त्यामुळे या टप्प्यात दम फारसा लागत नाही. पण ताणले जाताना जोर लावल्यामुळे स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. पहिल्यांदा खूप बर्पी केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात, त्याचे मुख्य कारण हेच. लोक याला लॅक्टिक ॲसिड साचणे म्हणतात, पण व्यायामात तयार झालेले लॅक्टेट तास-दीड तासात रक्तातून निघून जाते. दोन दिवसांनी दुखते ते ब्रेक लावण्याच्या कामामुळे.

इथली नेहमीची चूक म्हणजे न बसता वाकणे. पाय जवळजवळ ताठ ठेवून कमरेतून झुकायचे आणि हात टेकायचे. यात वेळ वाचतो, पण मांड्यांचे काम कंबर करू लागते. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: हात टेकण्याच्या क्षणी नितंब गुडघ्यांपेक्षा बरेच वर असतील, तर ती बैठक नाही. घोट्याचा सांधा आखडलेला असणे हे यामागचे एक कारण असते. ज्यांना टाचा टेकवून उकिडवे बसता येते, त्यांना हा त्रास होत नाही. शेतात खुरपायला बसणाऱ्या आपल्या आया-बहिणींचा घोटा या बाबतीत खुर्चीवर वाढलेल्या पोरांपेक्षा मोकळा असतो. ज्यांना असे बसणे जमत नाही त्यांनी रोज दोन-तीन मिनिटे खांबाला धरून उकिडवे बसण्याचा सराव करावा.

दुसरा टप्पा: प्लँक

हात टेकले की दोन्ही पाय मागे फेकायचे आणि डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर एका रेषेत थांबवायचे. हा टप्पा क्षणभराचा असल्याने लोक त्याला मोजतही नाहीत. पण पाय मागे जाऊन आदळतात, तेव्हा त्या झटक्याने कंबर खाली झोल खाऊ पाहते. तो झोल थांबवण्याचे काम पोटाच्या पुढच्या, बाजूच्या आणि आतल्या पट्ट्यासारख्या स्नायूंचे असते. त्यांना साथ लागते आवळून धरलेल्या नितंबांची. वरच्या बाजूला खांदे आणि बरगड्यांवरचे स्नायू पाठीची पाती जागेवर ठेवतात.

या स्नायूंची लांबी फारशी बदलत नाही, ते जागच्या जागी आवळून राहतात. म्हणून इथे ऊर्जेचा खर्च कमी. मात्र एक अडचण असते. पोट आवळताना माणूस नकळत श्वासही धरतो. श्वास रोखून जोर लावला की छातीतला दाब आणि रक्तदाब वाढतो, आणि पुढच्याच क्षणी झटकन उभे राहिले की दाब घसरून डोळ्यांपुढे अंधारी येते. बर्पी करताना चक्कर आलेले बरेच जण उपाशीपोटाला दोष देतात. खरे तर अनेकदा श्वास प्लँकमध्ये अडकलेला असतो. पाय मागे जाताना श्वास घ्यावा, वर ढकलताना सोडावा आणि उडी मारताना पुन्हा सोडावा. दम वाढला की हा ताल तंतोतंत राहत नाही. तरी श्वास अडकू द्यायचा नाही एवढे पाळले तरी पुरते.

प्लँक नीट आहे का हे पाहायला सोबत्याने पाठीवर सरळ काठी ठेवावी. ती डोक्याच्या मागे, पाठीच्या वरच्या भागावर आणि माकडहाडापाशी अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे, आणि कमरेपाशी काठीखालून तळहात जेमतेम सरकला पाहिजे. अख्खी मूठ जात असेल तर कंबर खाली पडली आहे. व्यायामानंतर पोटाऐवजी कमरेत दुखत असेल तर तीही हीच खूण.

तिसरा टप्पा: पुशअप

छाती जमिनीपर्यंत न्यायची आणि शरीर एकसंध ठेवून वर ढकलायचे. छातीचा मोठा स्नायू, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाच्या मागचे ट्रायसेप्स हे इथले मुख्य कामकरी. बहुतेकांची कच्ची कडी हीच असते. साधा हिशेब करून पाहू. पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. 65 किलोच्या तरुणाच्या हातांवर म्हणजे साधारण 43 किलो. बैठकीत आणि उडीत हेच शरीर मांड्या आणि नितंब उचलतात, जे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू आहेत. छाती आणि दंडाचे स्नायू त्या मानाने लहान. तरी बर्पीत दोघांना सारखीच आवर्तने करावी लागतात. त्यामुळे पायांत ताकद शिल्लक असताना हात संपतात.

आपल्याकडच्या तालमीतला जोर आणि हा पुशअप एक नव्हे. जोरात शरीर झोक्यासारखे पुढे जाते आणि पाठ कमानीत वर येते. पुशअपमध्ये कमान नको, शरीर फळीसारखे हवे. जोर मारायची सवय असलेले तरुण थकले की आपोआप छाती आधी वर आणि कंबर मागाहून अशी सापासारखी हालचाल करू लागतात. जोर म्हणून ती ठीक असली, तरी बर्पीत लगेच पुढे पाय ओढायचे असतात आणि कमरेला तिथेच झटका बसतो. दुसरी चूक कोपरांची. कोपरे खांद्याच्या रेषेत थेट बाजूला फाकली तर खांद्याचा सांधा चिमटतो. वरून पाहिल्यास दंड आणि धड यांत साधारण 45 अंशांचा कोन असावा.

पुशअप जमत नाही म्हणून तो अर्धवट करण्यापेक्षा भार कमी करून पूर्ण करावा. हात दोन फूट उंचीच्या ओट्यावर किंवा पायरीवर टेकले तर हातांवरचा भार वजनाच्या सुमारे 40 टक्क्यांवर येतो. गुडघे टेकून केला तर तो जवळपास निम्मा होतो. 55 किलोच्या मुलीला जमिनीवर साधारण 36 किलो ढकलावे लागतात, तर ओट्यावर सुमारे 22 किलो. ओट्यावरचा पूर्ण पुशअप जमला की पुढे कमी उंचीची पायरी घ्यायची, मग जमीन. विहाराची किंवा शाळेची पायरी यासाठी पुरते.

चौथा टप्पा: परत येणे आणि उडी

पुशअप झाला की गुडघे छातीकडे ओढून पावले हातांजवळ आणायची. हे काम पोट आणि जांघेतले स्नायू करतात. पावले टाचांसह टेकली पाहिजेत. मग तिथून उभे राहायचे आणि त्याच ओघात हात वर करून उडी मारायची. नितंब, मांडी आणि शेवटी पोटरी, या क्रमाने जोर खालून जमिनीला मिळतो.

चारही टप्प्यांत सर्वांत महाग टप्पा हाच. कारण इथे जवळजवळ पूर्ण शरीर उचलायचे असते आणि तेही वेगाने. उडी 20 सेंटीमीटरची असली तर माणूस हवेत फक्त 0.4 सेकंद असतो, पण तेवढ्यासाठी त्याला सेकंदाला सुमारे दोन मीटर इतका वेग घेऊन जमीन सोडावी लागते. असा झपाट्याचा जोर लावताना जलद आकुंचन पावणारे तंतू कामाला लागतात, आणि तेच सर्वांत लवकर थकतात. म्हणून दमल्यावर सर्वांत आधी उडीची उंची घटते.

उडीची दुसरी बाजू म्हणजे उतरणे. ताठ पायांनी उतरल्यास जमिनीचा धक्का शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट होतो आणि तो नडगी व गुडघ्यात जिरतो. पावलाचा पुढचा भाग आधी, मग टाच, आणि त्याच वेळी गुडघे वाकलेले, असे उतरावे. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने राहावेत, एकमेकांकडे आत वळू नयेत. कानाने तपासता येणारी ही एकमेव चूक आहे: धप्प असा आवाज येत असेल तर उतरणे चुकते आहे. सिमेंटच्या रस्त्यावर किंवा डांबरी सडकेवर बर्पी करू नये. मातीचे मैदान चांगले, फक्त आधी खडे वेचून घ्यावेत, तळहातांसाठी आणि घोट्यांसाठीही.

खर्च किती होतो?

आता या चार टप्प्यांची बेरीज मांडू. समजा, तरुणाचे वजन 65 किलो आणि उंची 170 सेंटीमीटर आहे. उभा असताना त्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे 95 सेंटीमीटरवर, बेंबीच्या थोडा खाली असतो. छाती जमिनीला लागते तेव्हा तो 15 सेंटीमीटरच्या आसपास येतो. म्हणजे शरीर 80 सेंटीमीटर वर आणावे लागते, आणि उडीचे 20 धरले की बरोबर एक मीटर. 65 किलो एक मीटर उचलायला सुमारे 640 ज्यूल काम होते. आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी फार तर पाव हिस्सा कामात लावतात, उरलेल्याची उष्णता होते. त्यात खाली येताना लागणारा ब्रेक आणि प्लँकमधले आवळणे मिळवले, तर एका बर्पीला पाऊण ते एक कॅलरी लागते. ही कॅलरी म्हणजे आहाराच्या भाषेतली, खाद्यपदार्थांच्या पाकिटावर लिहिलेली किलोकॅलरी.

म्हणजे शंभर बर्पीचा खर्च 75 ते 100 कॅलरी. साठेक ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीत साधारण 200 कॅलरी असतात. शंभर बर्पी करून अर्धी भाकरी खर्च होते. त्यामुळे बर्पीने पोट उतरते हा व्हिडिओंमधला दावा आकड्यांवर टिकत नाही. धावण्याशी तुलना केली तर चित्र आणखी स्पष्ट होते. धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला ढोबळमानाने एक कॅलरी लागते. या तरुणाला 1600 मीटर धावायला सुमारे 104 कॅलरी लागतील, म्हणजे शंभर बर्पींएवढ्याच.

मग बर्पीने इतका दम का लागतो? कारण ऊर्जा किती लागते यापेक्षा ती कशी मिळवली जाते हे इथे महत्त्वाचे आहे. पहिले दोन-तीन बर्पी, म्हणजे दहा सेकंदांच्या आसपास, स्नायूत आधीच साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटवर निघतात. हा साठा फार लहान असतो. त्यानंतर मिनिटभर स्नायूतल्या साखरेचे, म्हणजे ग्लायकोजनचे, ऑक्सिजनशिवाय विघटन करून मिळणाऱ्या ऊर्जेचा वाटा मोठा राहतो. ही ऊर्जा झटपट मिळते, पण स्नायूतली आम्लता वाढते, जळजळ सुरू होते आणि हालचाल जड होते. फुप्फुसे आणि हृदय ऑक्सिजन पुरवतातच, पण त्यांना पूर्ण वेग घ्यायला एक-दोन मिनिटे लागतात. तिन्ही मार्ग पहिल्यापासून सोबतच चालतात, फक्त त्यांचा वाटा बदलत जातो. त्यातच दर चार-पाच सेकंदांनी शरीर आडवे आणि उभे होत असल्याने हृदयाला प्रत्येक वेळी नव्याने जुळवून घ्यावे लागते. तिसाव्या सेकंदाला बरे वाटणारा माणूस नव्वदाव्या सेकंदाला का कोसळतो, त्याचे उत्तर यात आहे.

कच्ची कडी कशी शोधायची?

यासाठी एक सोबती, घड्याळ आणि वही एवढेच लागते. तीन मिनिटे बर्पी करायचे. सोबत्याने दर मिनिटाची संख्या वेगळी लिहायची आणि कितव्या बर्पीला कोणती चूक पहिल्यांदा दिसली तेही टिपायचे.

समजा, आपल्या 65 किलोच्या तरुणाची संख्या पहिल्या मिनिटाला 13, दुसऱ्याला 9 आणि तिसऱ्याला 7 अशी आली. तो स्वतः सांगेल की दम कमी पडतो, आणि धावणे वाढवेल. पण सोबत्याच्या वहीत लिहिले आहे: अकराव्या बर्पीपासून छाती आधी वर, कंबर मागाहून. विसाव्यानंतर प्लँकमध्ये थांबून विश्रांती. बैठक आणि उडी शेवटपर्यंत बरी.

दोन दिवस विश्रांती घेऊन त्याने हीच चाचणी पुशअप वगळून करावी, उडी मात्र ठेवावी. आता संख्या 15, 14, 14 अशी आली, म्हणजे जवळजवळ घसरलीच नाही, तर निकाल स्पष्ट आहे. दम पुरेसा आहे, हात कमी पडतात. उलट पुशअप काढूनही घसरण तशीच राहिली, तर आणखी दोन दिवसांनी उडीही काढून मूळ बर्पी करून पाहावा. उडी काढल्यावर घसरण थांबली तर पायांचा झपाट्याचा जोर कमी आहे. तरीही थांबली नाही, तर खरोखर दम कमी आहे आणि त्याला धावण्याचाच इलाज लागेल.

आपल्या तरुणाचे हात कमी आहेत. त्याने पुढचे चार आठवडे बर्पीचा आकडा वाढवण्याच्या मागे लागू नये. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, नीट पुशअप करावेत: जितक्या उंचीवर आठ पुशअप फळीसारखे सरळ होतात ती पायरी निवडायची, आठ-आठचे चार फेरे, मध्ये दोन मिनिटे विश्रांती. चौथ्या फेरीतही आठ सरळ झाले की पुढच्या वेळी पायरी बदलायची. बर्पी फक्त दोन दिवस आणि तेही पुशअप वगळून. चार आठवड्यांनी पूर्ण बर्पीची तीन मिनिटांची चाचणी पुन्हा घ्यायची. पहिल्या मिनिटाचा आकडा वाढला की नाही हे गौण आहे. तिसऱ्या मिनिटाचा आकडा पहिल्याच्या किती जवळ आला आणि पहिली चूक कितव्या बर्पीपर्यंत लांबली, हे पाहायचे.

भरतीत याचा उपयोग कुठे आणि कुठे नाही

महाराष्ट्र पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. मुलांना 1600 मीटर धावणे 20 गुणांना, 100 मीटर 15 आणि गोळाफेक 15 गुणांना. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर, बाकी गुण तसेच. मुलांचा गोळा 7.260 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. जालन्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 3 आहे. त्या बलाच्या भरतीत 5 किलोमीटर धावणे असते. नियम बदलू शकतात, म्हणून प्रत्येक वेळी जाहिरात स्वतः वाचावी.

या चाचण्यांशी चार टप्पे जुळवून पाहा. गोळा फेकताना जोर पायातून निघतो, कमरेतून वर येतो आणि दंडाच्या मागच्या स्नायूने संपतो. म्हणजे चौथा, दुसरा आणि तिसरा टप्पा तिथे उपयोगी आहेत. 100 मीटरच्या सुरुवातीला लागणारा झपाटा उडीशी मिळताजुळता आहे. पण 1600 मीटरला पाच-सहा मिनिटे लागतात आणि त्यातली बहुतांश ऊर्जा ऑक्सिजनच्या मार्गाने मिळते. त्यासाठी धावण्याला पर्याय नाही. बर्पीने नाडी वाढते, पण पायांना धावण्याची पावले, वेगाचा अंदाज आणि तो टिकवण्याची सवय मिळत नाही. म्हणून बर्पी आठवड्यातून दोन दिवस, धावण्याच्या कठीण दिवशी नव्हे, आणि पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको.

कुठे थांबायचे

मनगट, गुडघा किंवा कंबर आधीपासून दुखत असेल, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, गरोदरपण असेल किंवा तापातून नुकतेच उठले असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बर्पी करू नये. उन्हाळ्यात वेळही सांभाळावी. वर पाहिल्याप्रमाणे तीन-चतुर्थांशाहून अधिक ऊर्जेची उष्णता होते आणि ती घामावाटे बाहेर जावी लागते. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा सूर्य वर येण्याआधीच सराव संपवावा.

सर्वांत मोठा धोका शिक्षा म्हणून किंवा पैजेवर दिल्या जाणाऱ्या बर्पींचा आहे. उशीर झाला म्हणून नव्या मुलाला एकदम दोनशे बर्पी करायला लावणे हा काही मैदानांवर चेष्टेचा विषय असतो. सवय नसलेल्या स्नायूंवर अचानक असा मारा झाला, विशेषतः उन्हात आणि पाणी कमी प्यायलेले असताना, तर स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणात फुटू शकतात. त्यांच्यातले द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. वैद्यकीय भाषेत याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. खुणा लक्षात ठेवा: एक-दोन दिवसांत दंड किंवा मांड्या नेहमीपेक्षा फार सुजणे, हात सरळ न होणे, आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणे. साध्या अंगदुखीत लघवीचा रंग बदलत नाही. तो बदलला तर गोळी घेऊन झोपू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि किती बर्पी केले ते डॉक्टरांना सांगा.

ज्यांच्यावर इतरांना शिकवायची जबाबदारी आहे, त्यांनी नव्या मुलाला पहिल्या दिवशी आकडा देऊ नये. पहिल्या आठवड्यात बैठक, प्लँक, ओट्यावरचा पुशअप आणि उडी मारून हलके उतरणे हे चार व्यायाम वेगवेगळे करून घ्यावेत. दुसऱ्या आठवड्यात पुशअप आणि उडी नसलेला मूळ बर्पी, पाच-पाचच्या तीन फेऱ्यांत. चारही टप्पे जोडायचे ते तिसऱ्या आठवड्यात, तेही सोबत्याच्या वहीत एकही चूक लिहिली गेली नसेल तरच.